होमस्टेला नाव शोधताना: ‘घर’ आणि ‘ऊब’ यांच्या पलीकडचे शब्द

साताऱ्यात माझं पाट्या आणि कार्डं छापायचं दुकान आहे. नवा धंदा काढणारी माणसं नाव ठरवून माझ्याकडे येतात आणि बहुतेक वेळा ते नाव मी आधीच कुणासाठी तरी छापलेलं असतं. विसावा, घरटं, घरकुल, आपुलकी, मायेची सावली. शब्द वाईट नाहीत. पण महाबळेश्वरच्या रस्त्याला एकाच नावाच्या दोन पाट्या लागल्या की पाहुणा गाडी चुकीच्या दारात नेऊन उभी करतो आणि फोनवर भांडण होतं.

मागच्या वर्षी माझ्या मावसबहिणीने वाईजवळच्या तिच्या सासरच्या जुन्या घरात तीन खोल्यांचा होमस्टे सुरू केला. नावासाठी आम्ही जवळपास तीन आठवडे घालवले. तीच वाट इथे सांगतो, कारण कुठे अडलो ते आता नीट आठवतंय. बेकरीवाल्यांसाठीही पद्धत हीच आहे, फक्त शब्द वेगळे निघतात. त्यांच्याकडे नंतर येतो.

आधी घरातून एक फेरी मारा

समानार्थी शब्दांच्या यादीपासून सुरुवात केली की सदन, निवास, आलय, निलय, निकेतन, भवन, कुटीर, धाम असेच शब्द हाती लागतात. हे सगळे घराबाहेर उभं राहून घराकडे बघणारे शब्द आहेत. कॉलनीतल्या बंगल्यांवर, शाळांवर, वसतिगृहांवर ते इतके वर्षं रंगवले गेलेत की वाचणाऱ्याला आता त्यात घर दिसत नाही. म्हणून बहिणीला सांगितलं, कोश नंतर उघडू. वही घे आणि दारापासून परसापर्यंत चाल. वाटेत जे दिसेल त्याचं नाव लिही, पण घरात ज्या नावाने ते ओळखलं जातं त्याच नावाने.

तिच्या वहीत हे आलं: जोतं, उंबरा, सोपा, ओसरी, दिवळी, माजघर, तुळई, खुंटी, चूल, वैल, उतरंड, बंब, परडं, वाकळ, घोंगडं. पंधरा मिनिटांचं काम. यातला एकही शब्द ‘घर’ला समानार्थी नाही, पण वाचताना घर डोळ्यांपुढे उभं राहतं. माझ्या अनुभवात नाव इथून निघतं. आख्ख्या घराला शब्द शोधण्यापेक्षा घराचा एखादा भाग, एखादी वस्तू किंवा घरातली एखादी वेळ शोधावी.

या फेरीचा आणखी एक उपयोग होतो. घरात जे नाही त्याचं नाव द्यायचा मोह सुटतो. बहिणीच्या नवऱ्याला ‘चौसोपी’ हवं होतं. चारी बाजूंनी सोपे आणि मधे चौक असेल तर त्या घराला चौसोपी म्हणतात. यांच्या घराला एकच सोपा आहे आणि मागचा भाग स्लॅबचा. मेणवलीला नाना फडणवीसांचा खरा वाडा बघून आलेला पाहुणा संध्याकाळी यांच्या दारात उभा राहिला, तर पहिल्या मिनिटालाच त्याचा विश्वास जाणार.

ऊब, आणि वाईतला मे महिना

‘वॉर्म’ हा शब्द थंड मुलखातून आला. तिथे गरम ते चांगलं. आपल्याकडे तसं नाही. मराठीत जीव सुखावतो तेव्हा तो गार होतो, पोटात थंडावा येतो, माणूस सावलीला टेकतो. उष्णतेच्या बाजूचे शब्द मात्र पुष्कळदा दुखावणारे आहेत. झळ लागते, धग सोसवत नाही, उकाडा जीव काढतो. त्यामुळे ‘वॉर्म’चा मराठी शब्द काढून पाटीवर लावण्याआधी ती पाटी कुठल्या महिन्यात वाचली जाणार आहे ते बघायला हवं.

वाई, पाचगणी, महाबळेश्वरकडे डिसेंबर-जानेवारीत माणसं थंडीसाठी येतात, आणि एप्रिल-मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या उन्हाला कंटाळून. पहिल्या पाहुण्याला ‘शेकोटी’ हे नाव आवडेल, दुसऱ्याला घाम फुटेल. माण-खटावकडे, म्हणजे दहिवडी किंवा वडूजच्या बाजूला, कुणी शेतावर राहण्याची सोय करत असेल तर त्याने उष्णतेच्या शब्दाच्या वाटेला जाऊच नये. तिथे सावली, गारवा, लिंबाखाली, आडोसा हेच शब्द मायेचे आहेत.

बहिणीची पहिली पसंती होती ‘ऊब’. दोन अक्षरं, गोड, आणि वाटतं की यातच सगळं आलं. तो शब्द आम्ही का सोडला ते जरा सविस्तर सांगतो, कारण ज्याला त्याला आधी हाच सुचतो.

एक तर हिंदीत ‘ऊब’ म्हणजे कंटाळा. ‘मैं ऊब गया’ म्हणतात ना, तोच. पाचगणीकडे येणाऱ्या पाहुण्यांत गुजराती आणि हिंदी बोलणारे पुष्कळ असतात, त्यांच्यापुढे ‘कंटाळा होमस्टे’ अशी पाटी लावण्यासारखं ते झालं. दुसरं, इंग्रजी अक्षरांत तो लिहायचा कसा? `Ub`, `Oob`, `Uub`, तिन्ही लिहिले जातात आणि एकही वाचता येत नाही. ‘उबारा’ घेतला तर `Ubara` वाचून टॅक्सी कंपनी आठवते. तिसरं कारण स्वयंपाकघरातलं आहे. पावसाळ्यात डब्यातलं पीठ उबतं, त्याला उबट वास येतो. होमस्टेला हे कदाचित चालून जाईल, पण बेकरीला ‘ऊब’ हे नाव ज्याने दिलं त्याने पिठाच्या दुकानावर उबट वासाची आठवण टांगली असं मला वाटतं.

शब्द तोंडात घोळवून बघा

वहीतल्या शब्दांत भर घालायला आम्ही दोन ठिकाणी गेलो. एक म्हणजे घरातली म्हातारी माणसं. त्यांना ‘घराला दुसरा शब्द काय?’ असं विचारू नका, त्यावर कुणीच काही सांगत नाही. ‘तुमच्या लहानपणी पाव्हणा आला की कुठं बसायचा, कुठं निजायचा, त्याचं जेवण कुठं ठेवायचा?’ असं विचारा. शब्द आपोआप पडतात. दुसरं ठिकाण म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. १८५७ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या `dsal.uchicago.edu` या संकेतस्थळावर फुकट बघता येते. त्यात शब्दाशेजारी त्याचे जुने वापर आणि वाक्प्रचारही सापडतात आणि नावासाठी अर्थाइतकेच ते महत्त्वाचे आहेत.

कारण शब्द एकटा येत नाही, वाक्प्रचार घेऊन येतो. प्रत्येक शब्दावर ऐकणाऱ्याला पहिली कुठली म्हण आठवेल ते लिहून काढा. ‘फुफाटा’ म्हणजे गरम राख, पण कानाला ऐकू येतं ‘आगीतून फुफाट्यात’. ‘बिऱ्हाड’ म्हटलं की विंचू आठवतो. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीतली हळदीची पेवं प्रसिद्ध होती, म्हणून तिथल्या एका ओळखीच्याने ‘पेव’ हे नाव सुचवलं होतं. शब्द त्या मातीतला आहे, पण हॉटेलवर लावला तर लोक म्हणणार, होमस्टेंचं पेव फुटलंय. ‘कोपी’ हा शब्द शहरातल्या डिझायनरला छान वाटतो. आमच्याकडे कोपी म्हणजे ऊसतोड कामगारांची पाचटाची झोपडी. त्यात राहणाऱ्यांचे हाल ज्यांनी पाहिलेत त्यांना ती पाटी खुपेल आणि ते बरोबरच आहे. निवारा, आसरा, आधार, माहेर या शब्दांवर संस्थांचा हक्क बसलाय. फोनवर ‘निवारा’ ऐकलं की माणूस विचारतो, वृद्धाश्रम का?

या चाळणीतून आमच्याकडे पाच शब्द उरले: ओसरी, माजघर, वैल, दिवेलागण आणि वाकळ.

‘ओसरी’ला कुणाचीच ना नव्हती, पण नकाशावर शोधलं तर या नावाची जेवणाची आणि राहण्याची ठिकाणं आधीच आहेत. ‘माजघर’ मला स्वतःला फार आवडलं होतं. परका माणूस ओसरीपर्यंत येतो, माजघरात फक्त आपला. पण बहिणीच्या मुलाने ते मोठ्याने वाचलं, “माज-घर”. कॉलेजच्या पोरांच्या तोंडी ‘माज’ म्हणजे मस्ती. एकदा तसं ऐकलं की कान तेच धरून बसतात.

‘दिवेलागण’ शब्द म्हणून सगळ्यांत सुंदर. पुण्याहून दुपारी निघालेला पाहुणा दिवेलागणीलाच पोचतो. त्यात उष्णता नाही, पण घर आहे. तो आम्ही फोनमध्ये टाकून बघितला आणि यादीत दिवेआगरची होमस्टे यायला लागली. `Divelagan` आणि `Diveagar`, अक्षरं इतकी जवळ की वाईच्या घरासाठी निघालेला माणूस कोकणातल्या समुद्रावर पोचायचा. शब्दाचा दोष काहीच नाही, पण सोडावा लागला.

‘वैल’बद्दल मला अजून हळहळ वाटते. चुलीच्या बाजूला जे दुसरं तोंड असतं तो वैल. त्याच्याखाली वेगळं जळण नसतं. चुलीतली आच आतल्या वाटेने तिथवर येते. त्यावर दूध, आमटी मंद गरम राहते, आणि उशिरा येणाऱ्याचं जेवण त्यावर ठेवतात. कुणीतरी आपली वाट बघतंय हे सांगायला मराठीत याहून चांगली वस्तू मला माहीत नाही. पण शहरातला वाचणारा त्याला ‘वेल’ वाचतो, आणि इंग्रजीत `Wail` लिहिलं तर त्याचा अर्थ आक्रोश. शेवटी तो शब्द जेवणासाठी ठेवला. पाहुण्यांच्या खोलीतल्या कागदावर लिहिलंय, ‘रात्री उशीर झाला तर जेवण वैलावर असेल.’ वाचल्यावर लोक विचारतात, आणि मग आत नेऊन चूल दाखवली जाते. जो शब्द पाटीवर टिकत नाही त्याला घरात जागा देता येते, हे तेव्हा सुचलं ते बरं झालं.

वाकळ

उरला ‘वाकळ’. पुण्याकडे गोधडी म्हणतात तीच. जुनी नऊवारी, धोतरं, चादरी एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेली. बहिणीच्या घरी अशा नऊ वाकळा आहेत. त्यातली एक बघताना लक्षात येतं की मधल्या पदराचा जांभळा रंग विटलाय पण काठ तसाच आहे, आणि टाके जिथे वळतात तिथे हात दमल्यामुळे ते थोडे लांब पडलेत. थंडीत पांघरायला, मे महिन्यात गच्चीवर अंथरायला, म्हणजे दोन्ही हंगामांत वापरात. हिंदीत त्याचा वेगळा अर्थ कानावर येत नाही. इंग्रजीत `Vakal` किंवा `Wakal`, दोनच तऱ्हा.

अडचण निघाली ती घरातूनच. बहिणीच्या सासूबाई, मीही त्यांना आत्याच म्हणतो, ऐकून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “वाकळ व्हय? आरं, पाव्हण्याला वाकळ देत्यात का कुणी? पाव्हण्याला गादी. वाकळ आपल्याला.”

हे कोशात सापडणार नव्हतं. शब्दाला एक सामाजिक वजन असतं, आणि ते ज्यांनी ती वस्तू परिस्थितीमुळे वापरली त्यांनाच ठाऊक असतं. शहरातल्या माणसाला वाकळ सुंदर दिसते. आत्यांना तीत नवी चादर न घेता आल्याची वर्षं दिसतात. म्हणून असा शब्द घेताना ज्यांची ती वस्तू आहे त्यांना आधी विचारा, आणि ते नको म्हणाले तर सोडून द्या. आम्ही सोडला होता. चार दिवसांनी आत्याच म्हणाल्या, ठेवायचं तर ठेवा, पण खोलीत फाटकी टाकायची नाही, मी नव्या शिवून देते, आणि खाली गादी पायजेच. त्या अटीवर नाव ठरलं.

जोड लावताना

एकटा शब्द अपुरा वाटला तर जोड लागते, आणि तिथे एक साधी गोष्ट सांभाळायची. बोलीतल्या शब्दाला बोलीतलीच जोड द्या. ‘वाकळ निलय’, ‘चूल सदन’ कानाला टोचतं. ‘आत्याची वाकळ’, ‘चुलीपाशी’, ‘वाकळ, घरगुती मुक्काम’ नीट बसतं. ‘वस्ती’ हा शब्द आमच्या भागात दुहेरी कामाचा आहे. शेतातली घरं म्हणजे वस्ती, आणि रात्रीचा मुक्काम म्हणजेही वस्ती, म्हणून तर रात्री गावात थांबणारी एसटी वस्तीची गाडी. शेतावरच्या होमस्टेसाठी तो विचारात घ्या. पर्यटन खात्याच्या योजनेचं नाव ‘निवास व न्याहरी’ आहे, त्यातला ‘न्याहरी’ हा शब्दही मला कुणाच्या तरी पाटीवर बघायला आवडेल.

नाव ठरवताना ते विभक्ती लावून बोला. पाहुणा ते कधी नुसतं म्हणणारच नाही, ‘आम्ही ओसरीवर उतरलोय’, ‘वाकळेत जागा आहे का’ असंच म्हणणार. आणि एकदा खराब रेंजच्या फोनवरून तीन जणांना नाव सांगून ते लिहायला लावा: एक गावचा, एक पुण्या-मुंबईचा, एक मराठी न येणारा. आमच्या तिसऱ्या माणसाने `Vakal` बरोबर लिहिलं. `Vailavar` त्याला तीनदा विचारूनही जमलं नव्हतं.

बेकरीसाठी थोडं वेगळं

बेकरीत ऊब दिसत नाही, तिचा वास येतो. म्हणून घराचे भाग तिथे फारसे कामाचे नाहीत. भाजण्याचे आणि ताजेपणाचे शब्द गोळा करा: खरपूस, खमंग, लादी, निखारा, ऊनऊन. ‘ऊनऊन’ तर अस्सल मराठी, भातापासून पावापर्यंत चालतं, पण इंग्रजी अक्षरांत त्याचं काय होईल ते लिहून बघाच. ‘भट्टी’ सगळ्यांना सुचते. तिच्यामागे हातभट्टी उभी आहे हे विसरू नका. सांगलीतल्या एका मुलाला मी ‘खरपूस’ सुचवलं होतं. तो म्हणाला, केकला खरपूस म्हणत नाहीत. बरोबर होतं त्याचं. तो खारी आणि टोस्ट विकत असता तर चाललं असतं.

पाटी रंगवण्याआधी

नाव पक्कं वाटलं की ट्रेडमार्कचा सरकारी शोध करा. भारत सरकारच्या `ipindia.gov.in` वर तो सगळ्यांना फुकट उघडा आहे. राहण्या-जेवण्याच्या सेवेसाठी वर्ग ४३, पाव-बिस्किटांसाठी वर्ग ३०. नुसतं एक स्पेलिंग टाकून थांबू नका. उच्चारावरून शोधायची सोय तिथे आहे, ती वापरा, कारण हरकत सारख्या ऐकू येणाऱ्या नावावरही येते. स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये फी आहे. नोंदणी दहा वर्षं चालते, मग नूतनीकरण.

इथे शब्दाच्या निवडीचा थेट परिणाम होतो. जो शब्द मालाचं किंवा सेवेचं वर्णनच करतो त्यावर एकट्याचा हक्क मिळणं अवघड. ‘घरगुती निवास’ किंवा ‘ताजा पाव’ हे सगळ्यांचे शब्द आहेत. ‘वाकळ’ हा शब्द वाकळा विकणाऱ्याला मिळणं कठीण, पण राहण्याच्या जागेसाठी तो वर्णन नाही, खूण आहे. म्हणून घराच्या वस्तूवरून घेतलेलं नाव ‘घर’ या शब्दापेक्षा कागदावरही जास्त टिकतं. बहिणीने दोन्ही स्पेलिंगं शोधून, वकिलाला दाखवून मगच अर्ज भरला.

पाटीबद्दल, माझ्या धंद्याची गोष्ट म्हणून: महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणून नाव आधी देवनागरीत रंगवून बघा. ‘वाकळ’मधला ळ मी तीनदा काढला. पहिल्यांदा त्याच्या दोन्ही गाठी भरून गेल्या आणि लांबून तो ठिपका दिसायला लागला. रस्त्यावरून, चालत्या गाडीतून वाचायची पाटी असेल तर ळ, ऱ्ह, क्ष अशा अक्षरांच्या आतली पोकळी नेहमीपेक्षा मोकळी ठेवायला सांगा. आता ती पाटी धोमकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर आहे, आणि तिच्या खालच्या ओळीत आत्यांच्या सांगण्यावरून लिहिलंय, ‘गादी आहे.’